शुक्रवारची घंटा
(वसतिगृह अधीक्षक आणि स्वयंसेवकांच्या बैठकीत दिलेले भाषण)



मला सांगण्यात आले की उपवासकाळाविषयी काही बोला. उपवासकाळावर बोलायला पाळकसाहेब आहेत, सिस्टर आहेत, त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा. मी स्वयंपाकघर आणि अभ्यासिका यांच्या मधल्या व्हरांड्यात उभी राहणारी बाई. म्हणून मी उपवासाच्या दिवशी मुलांचा अभ्यास कसा घ्यायचा, एवढेच बोलणार आहे. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी आपण तो टाळतो, कारण दहावीची परीक्षा आणि उपवासकाळ यांची गाठ पडतेच. 2025 साली राखेचा बुधवार 5 मार्चला होता आणि त्याच दिवशी अकरा वाजता दहावीचा बीजगणिताचा पेपर. भूमितीचा पेपर 7 मार्चला, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच शुक्रवारी. कपाळावर राख आणि हातात कंपास, अशी त्या वर्षी आमच्या मुलांची गत होती.

आधी आमची चूक सांगते. आमच्या वसतिगृहात पूर्वी उपवासाचे शुक्रवार असे चालत. गुरुवारी रात्री साडेसातला जेवण. शुक्रवारी सकाळी नाश्ता नाही, दहाचे जेवण नाही, शाळा अकरा ते पाच, मग सहाला उपवास-प्रार्थना आणि त्यानंतर जेवण. हिशेब केलात तर साडेबावीस तास होतात. काही मुले पाणीही घेत नसत, कारण कुणीतरी सांगितलेले असे की पाणी प्यायले की उपवास मोडतो. आणि अभ्यासाचे वेळापत्रक मात्र रोजचेच! पहाटे साडेपाच ते सात, रात्री साडेआठ ते दहा. उलट शुक्रवारी दुपारी शाळेत गणिताची चाचणी असे, कारण गणिताच्या सरांना तोच दिवस सोयीचा होता.

मुलांचे गुण कमी येत. आम्ही त्यांना म्हणत असू, प्रार्थनेत मन आहे, अभ्यासात नाही. आता आठवले की लाज वाटते.

एका वर्षी मी एक साधी गोष्ट केली. दहावीच्या मुलांना गुरुवारी दुपारी चारला वर्गसमीकरणाची दहा उदाहरणे दिली आणि शुक्रवारी दुपारी चारला त्याच धर्तीची दुसरी दहा. वह्या तपासताना गुण बाजूला ठेवले आणि चुका कसल्या आहेत ते पाहिले. एक नमुना सांगते. गुरुवारी एका मुलीने अवयव पाडण्याचे प्रत्येक उदाहरण बरोबर केले होते. शुक्रवारी तिच्यापुढे हे होते:

x² − 5x − 14 = 0

गुणाकार −14 आणि बेरीज −5 येईल असे दोन आकडे शोधायचे. 7 आणि 2 तिने बरोबर शोधले. पण दोन्ही ठिकाणी वजा दिसला म्हणून तिने (x − 7)(x − 2) लिहिले. त्याचा गुणाकार केला तर शेवटी +14 येतो, हे एका ओळीत कळले असते. बरोबर उत्तर (x − 7)(x + 2), म्हणजे मुळे 7 आणि −2. रोज ती ताळा करून पाहायची, शुक्रवारी पाहिला नाही. रीत तिला येत होती, चूक फक्त चिन्हाची आणि ताळ्याची. इतर वह्यांतही तेच. फळ्यावरचा आकडा उतरवताना चुकलेला, प्रश्नाचा दुसरा भाग न वाचताच सोडलेला, एकच ओळ दोनदा लिहिलेली. ही आळसाची चिन्हे नव्हेत. आळशी मूल उदाहरण सोडून देते. भुकेले मूल सोडवते, पण एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते.

असे का होते ते थोडक्यात सांगते. मेंदूचे मुख्य इंधन साखर. आपण जेवत नसतो तेव्हा ती यकृतातल्या साठ्यातून रक्तात येत राहते. हा साठा रात्रभर पुरतो, पुढे ओसरायला लागतो. मग शरीर दुसरी सोय करते, चरबी जाळते, पण ते हळूहळू जुळते. वाढत्या मुलाचा साठा मोठ्या माणसापेक्षा लहान आणि खर्च त्या मानाने मोठा. आपण मोठी माणसे एक दिवस उपवास करून कामे उरकतो, थोडी चिडचिड होते, बाकी काही नाही. म्हणून आपल्याला वाटते मुलालाही तेवढेच होत असेल. इथेच आपण फसतो.

पण यात आपल्या फायद्याची एक गोष्ट लपलेली आहे आणि ती मला बरीच उशिरा कळली. शुक्रवारची पहाट ही उपवासाची नसतेच. रात्री साडेसातला जेवलेले मूल पहाटे साडेपाचला अभ्यासाला बसते, तेव्हा त्याच्या पोटात रोजच काही नसते. सोमवारी नसते, मंगळवारी नसते, तसेच शुक्रवारीही नसते. नाश्त्याची वेळ टळून जाते तिथून पुढे फरक पडायला लागतो, आणि दुपारी तो वाढतो. आम्ही आधी काय केले होते? उपवास आहे म्हणून शुक्रवारी पहाटेचा अभ्यास रद्द करून मुलांना झोपू दिले. म्हणजे दिवसातला एकच चांगला तास फुकट घालवला आणि वाईट तास तसेच ठेवले.

आता आम्ही असे करतो. गुरुवारी रात्री दिवे अर्धा तास लवकर बंद, साडेनऊला. शुक्रवारी पहाटेचा दीड तास पूर्ण घ्यायचा आणि तोही अवघड विषयाचा. शाब्दिक उदाहरणे, भूमितीचे प्रमेय, इंग्रजीचे पत्रलेखन, जे काही डोक्यात धरून ठेवावे लागते ते सगळे इथे. मात्र नवा धडा नाही. नवे काही शिकवायचे असेल तर ते बुधवारी किंवा गुरुवारी.

शाळा आपल्या हातात नसते. तरी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटून एवढे मागता येते की उपवासकाळात शुक्रवारी दुपारची चाचणी नको, ती गुरुवारी किंवा शनिवारी घ्या. आम्ही दोनदा गेलो. पहिल्या वेळी चहा पाजून परत पाठवले, दुसऱ्या वेळी वह्या घेऊन गेलो आणि ती (x − 7)(x − 2) ची ओळ दाखवली. गणिताच्या सरांनी स्वतःच दिवस बदलला.

शाळा सुटल्यावर साडेपाच ते साडेसहा हा तास पूर्वी अभ्यासाचा होता. तो आता हाताच्या कामाचा. भूगोलाचा नकाशा भरायचा, विज्ञानाच्या आकृत्या काढून नावे द्यायची, सूत्रांचा तक्ता रंगवायचा. नाहीतर एकाने धडा वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे. यात चूक झाली तरी ती डोळ्यांना दिसते आणि खोडता येते. पाठांतरही चालते, पण जे आधीच पाठ आहे त्याचीच उजळणी. कोरे पाठांतर दिले तर मूल तासभर पुटपुटते आणि शनिवारी त्यातले काही उरत नाही.

आणि रात्री? इथे दुसरी चूक व्हायची. प्रार्थना संपली की मुले ताटांवर तुटून पडत. चार चार भाकरी, वर भात, आणि साडेआठला अभ्यासिकेत सगळी घोरत. बायबल कॉलेजात डिप्लोमा करताना 1 शमुवेलचा चौदावा अध्याय अभ्यासला होता, पण तो मला कळला आमच्या स्वयंपाकघरात. शौल राजा ऐन लढाईच्या दिवशी सैन्याला शपथ घालतो की संध्याकाळपर्यंत कुणी अन्न खायचे नाही. माणसे रानात येतात, मध पडलेला असतो, कुणी हात लावत नाही. योनाथानाला शपथ माहीत नसते. तो काठीचे टोक पोळ्यात बुडवून मध चाखतो आणि त्याच्या डोळ्यांना तेज येते. तो स्पष्ट म्हणतो की माझ्या बापाने देशाला त्रास दिला. आणि संध्याकाळी काय होते? थकलेले लोक लुटीवर तुटून पडतात आणि रक्तासकट मांस खातात, म्हणजे जे नियमशास्त्राने मना केले तेच करतात. देवाने तो उपवास मागितला नव्हता, तो राजाने लादला होता. हे वाचताना मला आमची जेवणाची पंगत दिसते.

आता प्रार्थनेनंतर आधी पाणी, मग एक केळे किंवा वाटीभर पेज, आणि पंधरा-वीस मिनिटांनी जेवण. पोटात काहीतरी गेलेले असले की ताटावर झडप पडत नाही. जेवणानंतर अभ्यास फक्त चाळीस मिनिटे, तोही दुसऱ्या दिवसाचे दप्तर भरणे आणि पहाटे सोडवलेल्या उदाहरणांचा ताळा करणे एवढाच. नऊ-साडेनऊला झोप.

मग गेलेला वेळ भरून कधी काढायचा? शनिवारी. आपल्याकडे शनिवारी शाळा सकाळची असते, मुले दुपारी मोकळी. दोन ते साडेतीन हा तास पूर्वी कपडे धुण्याचा आणि हुंदडण्याचा होता. आम्ही कपडे रविवारी उपासनेनंतर नेले आणि हा दीड तास शुक्रवारच्या नावे केला. मुले कुरकुरली, अजूनही कुरकुरतात. त्यांचे खरेच आहे. पण उपवासकाळाचे शुक्रवार मोजकेच असतात, एवढे चालते.

एक सूचना. हे वेळापत्रक उपवास करणाऱ्यांना एक आणि न करणाऱ्यांना एक, असे करू नका. आम्ही एक वर्ष केले. फळ्यावर दोन याद्या लावल्या आणि आठवड्याभरात सहावीची पोरेसुद्धा पहिल्या यादीत नाव घालायला रांगेत उभी राहिली. कोण पवित्र आणि कोण खादाड, अशी चिडवाचिडवी सुरू झाली. गुप्तपणे उपवास करा हे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले, आणि आम्ही याद्या लावल्या! आता शुक्रवारचे वेळापत्रक सगळ्यांना एकच. गुरुवारी संध्याकाळी ज्याने त्याने चिठ्ठी स्वयंपाकीण मावशींच्या डब्यात टाकायची, म्हणजे भाकरी किती थापायच्या ते त्यांना कळते. आणि नाश्ता, दहाचे जेवण तयार असतेच. सकाळी मन बदलले तर मूल येऊन जेवते, कुणी काही विचारत नाही. आळशी मुलांनाही यातून पळवाट राहत नाही. उपवास आहे म्हणून अभ्यास नको, असे म्हणणारा एक तरी असतोच.

हिशेब पाहणाऱ्यांनाही एक सांगते. शुक्रवारी वाचलेले धान्य बचतीत दाखवू नका. आमच्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी भर पावसाळ्यात दोन वेळची चूल पेटत नाही. त्यांना उपाशी राहणे शिकवायची गरज नाही, ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले येते. उपवासाने त्या मुलाच्या ताटातून संस्थेचे पैसे वाचत असतील, तर मला तरी त्या दिवशी प्रार्थना करवत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज खरे तर उभी राहिले, तिच्याकडे येते.

आमच्या भागात, नंदुरबारच्या भिल्ल, पावरा, मावची मुलांत सिकलसेल आहे हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तपासण्या वाढल्या, कार्डे आली. पण ती कार्डे मुलांच्या पेटीत तळाशी पडून असतात आणि वॉर्डनला माहीतच नसते कोण वाहक आणि कोण रुग्ण. एएस म्हणजे वाहक, त्याला एरवी सहसा त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातापायांत, पाठीत, छातीत असह्य वेदना होतात. शरीरात पाणी कमी पडले की हे घडण्याचा धोका वाढतो. त्यात या मुलांच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवता येत नाही, म्हणून पाणी न पिताही त्यांना लघवी होत राहते. मार्चचे ऊन, दोन किलोमीटर चालत शाळा आणि निर्जळी उपवास. आपण काय करून बसतो ते बघा.

दहावीतली एक मुलगी. नाव सांगत नाही. तिचा बाप प्यायचा आणि तिने प्रभूला शब्द दिला होता की उपवासकाळाचे सगळे शुक्रवार पाण्याशिवाय करीन. नववीत असताना तिसऱ्या शुक्रवारी रात्री अकराला तिला दुखायला लागले. मांड्या आणि पाठ. आम्हांला वाटले शाळेतून चालून आली म्हणून दुखत असेल, बाम चोळला. पहाटे ती उशी चावत रडत होती, तेव्हा दवाखान्यात नेली. सलाईन लागले, चार दिवस राहिली. तिथे कार्ड मागितले तेव्हा ते तिच्या पेटीतून निघाले. एसएस. एक वर्ष ती आमच्या छपराखाली होती आणि मला माहीत नव्हते.

डॉक्टरांनी साफ सांगितले, हिने निर्जळी कधीही करायचे नाही आणि जेवणही चुकवायचे नाही. पण दहावीत उपवासकाळ जवळ आला तेव्हा ती माझ्याकडे आली. "ताई, मी शब्द दिलाय. मी खाल्लं तर बाबांचं काय होईल?"

डॉक्टरांच्या सांगण्याने तिचा हा प्रश्न सुटणार नव्हता. मी तिला योनाथानाची गोष्ट पूर्ण वाचायला दिली. शेवटपर्यंत, जिथे शौल शपथेसाठी स्वतःच्या पोराला मारायला निघतो आणि लोक त्याला वाचवतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मी तिला पाळकसाहेबांकडे घेऊन गेले, कारण दिलेल्या शब्दातून मोकळे करणे हे मी करू शकत नाही, आणि तिला तो अधिकार ज्यांचा आहे असे वाटते त्यांच्या तोंडून ऐकायची गरज होती. त्यांनी एकच सांगितले, की बापासाठी प्रार्थना कर, तो शब्द पाळ. देहाला इजा करायचा शब्द देवाने तुझ्याकडून घेतलेला नाही. कॅथलिक मुलांसाठी तर हे नियमातच आहे. उपवासाचे बंधन अठरा पूर्ण झाल्यापासून साठी लागेपर्यंत, तेही राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी, मांसवर्ज्य चौदापासून. आजारी माणसाला त्यातूनही मोकळीक. आमच्या मुलांना हे कुणी सांगतच नाही.

तिने स्वतःच ठरवले ते असे. जेवण तिन्ही वेळचे करायचे, पण शुक्रवारी गोड, फरसाण, चहा काही नाही, आणि संध्याकाळच्या खेळाच्या वेळात एकटीने बापासाठी प्रार्थना. चहाबद्दल एक सांगायला हवे. रोज दोनदा चहा पिणाऱ्या मुलाने तो एकदम सोडला तर दुसऱ्या दिवशी डोके चढते, आणि आपण समजतो उपवास बाधला. म्हणून मी तिला चहा मंगळवारपासून अर्धा कप, मग पाव कप असा उतरवायला सांगितला.

पाणी मात्र ठरलेले. शाळेच्या प्रत्येक घंटेला एक पेला. बाटली भरून द्यायची आणि संध्याकाळी ती रिकामी दाखवायची. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर लगेच दोन पेले आणि सावलीत बसणे. हे आम्ही मुलींना मोकळेपणाने सांगतो. सुरुवातीला लाजल्या, आता एकमेकींना विचारतात. खरे म्हणजे पाण्याचा हा नियम आम्ही सगळ्यांनाच लावला. आमच्या वसतिगृहात आता निर्जळी उपवास कुणीही करत नाही. त्यात चर्चा नाही.

तिचा अभ्यास इतरांसारखाच शुक्रवारच्या वेळापत्रकाने चालला. एक बदल केला. एसएस मुलांना बहुधा रक्त कमी असते, त्यामुळे ती उपवास नसतानाही दुपारी लवकर थकतात. म्हणून तिची गणिते रोजच पहाटे, आणि पाऊण तासाने दहा मिनिटे उठणे. प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी ताळ्यासाठी वहीत एक रिकामी ओळ आखून ठेवायला लावली. ओळ रिकामी दिसली की हात आपोआप तिकडे जातो.

5 मार्चला सकाळी सात वाजता तिने राख लावून घेतली. आठला ज्वारीची पेज प्यायली, दहाला एक भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली, बाटली भरली आणि जीपमध्ये बसली. तिच्या वर्गातल्या तिघींनी मात्र काही खाल्ले नव्हते. पेपरचा दिवस आहे, नाश्ता करून जा, असे मी त्यांना म्हटले. एकीने ऐकले, दोघी तशाच गेल्या. जबरदस्ती मी केली नाही. त्या दोघींपैकी एक म्हणाली की पेपर सोपा होता, दुसरी म्हणाली शेवटच्या अर्ध्या तासात आकडे हलायला लागले होते. दोन दिवसांनी, 7 तारखेच्या शुक्रवारी, भूमितीच्या दिवशी तिघीही नाश्ता करून गेल्या आणि उपवास त्यांनी शनिवारी केला. ही सूट आम्ही त्यानंतर कायमची ठेवली. पेपरच्या दिवशी येणारा उपवास दुसऱ्या दिवशी करता येतो. मुलांना हे सांगितल्याशिवाय सुचत नाही, कारण त्यांना वाटते वार चुकला तर सगळे चुकले.

आमच्याकडची सगळी मुले ख्रिस्ती नाहीत. काही मुली श्रावणी सोमवार धरतात, काही नवरात्राचे नऊ दिवस. त्यांनाही हेच वेळापत्रक उपयोगी पडते, फक्त त्यांच्या उपवासाला फराळ असतो. साबुदाण्यात पिठूळपणा सोडून फारसे काही नसते, खाल्ल्यावर तासाभर बरे वाटते आणि मग मूल पुन्हा पेंगते. मावशी त्यात दाण्याचे कूट दुप्पट घालतात, किंवा भगर आणि दाण्याची आमटी करतात. नऊ दिवस सलग असतील तर अवघड विषय सगळा पहाटे आणि चाचणी नवमीनंतर. एकदा एका पाळकभगिनीने मला विचारले की हिंदू मुलींच्या उपवासाची सोय मिशनच्या स्वयंपाकघरात कशाला? मी म्हटले, त्या मुलीची सहामाही परीक्षा त्याच आठवड्यात आहे म्हणून.

प्रश्नोत्तरांत जे विचारले जाईल ते आधीच सांगून ठेवते, कारण मागच्या वेळीही विचारले होते. मूल वर्गात उपवासाने बसलेले असताना आता थांबायला हवे हे ओळखायचे कसे? डोके दुखणे आणि जांभया या किरकोळ गोष्टी, पाणी आणि सावली पुरते. पण हात थरथरणे, थंड घाम, बोलताना शब्द अडखळणे, विचारलेले समजायला वेळ लागणे, यांपैकी एकही दिसले तर उपवास तिथेच संपला. दोन चमचे साखर पाण्यात, मग बिस्किट किंवा भाकरी, आणि पंधरा मिनिटांत मूल ताळ्यावर आले नाही तर दवाखाना. मूल पुरते शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही, सरळ दवाखाना. आणि एसएस मूल हाडे दुखतात म्हणाले, किंवा त्याला ताप आला, तर बाम चोळत बसायचे नाही. रात्र असली तरी निघायचे.

कार्डांची यादी मी आता माझ्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे. जूनमध्ये मुले येतात त्याच दिवशी प्रत्येकाची पेटी उघडून कार्ड पाहते. ज्यांच्याकडे नाही त्यांना पहिल्या पंधरवड्यात उपकेंद्रात नेते. तुमच्या वसतिगृहात किती कार्डे आहेत, ते मला जेवणाच्या सुट्टीत सांगा. मी वही आणली आहे.